जोतिबाच्या यात्रेआधी कार्ड रीडरचं काम: स्टुडिओच्या नोंदी

१० मार्च २०२५

काल कागलचं लग्न आटपून रात्री साडेअकराला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या फोटो स्टुडिओत आलो. तीन कार्डं भरलेली होती: ४२, ३८ आणि ३० जीबी. लॅपटॉपच्या अंगच्या खाचेत एकामागून एक घालत बसलो आणि शेवटचं कार्ड बाहेर यायला एक वाजून गेला. नुसत्या कॉपीला दीड तास लागला. सकाळी सातला दादाला दुसऱ्या कामावर निघायचं होतं आणि कार्डं रिकामी झाल्याशिवाय मला झोपता येत नव्हतं.

आज सकाळी दादा म्हणाला, "कार्डंच बदलूया. ते व्ही९० वालं मिळतंय बघ, लई फास्ट असतंय म्हणं." मी त्याला थांबवलं. त्या कार्डांच्या किमतीत आमचा एक महिन्याचा खर्च निघतो. आधी वेळ नेमका कुठं जातोय ते मोजतो, मग काय घ्यायचं ते ठरवू, असं आमचं ठरलं. १२ एप्रिलला जोतिबाची चैत्र यात्रा आहे. त्या रात्री तीन कार्डं अर्ध्या तासात रिकामी झाली पाहिजेत, हे या कामाचं उद्दिष्ट.

संध्याकाळी आमच्याकडची दोन्ही जातीची कार्डं टेबलावर ठेवून भिंगाखाली वाचली. जुन्या कार्डावर गोलातला १० आणि यूच्या आकारातला १ आहे. नव्यावर यूमधला ३, शेजारी व्ही३० आणि ठळक अक्षरात १७०. दोन्हींवर रोमन एक छापलाय, म्हणजे दोन्ही यूएचएस-वन जातीची. यूएचएस ही कार्ड आणि रीडर यांची एकमेकांशी बोलण्याची वेगवान पद्धत.

घोळ इथंच होतो. गोलातला १०, यू१, यू३, व्ही३०, व्ही६०, व्ही९० हे सगळे आकडे कार्डावर लिहिण्याच्या वेगाचे आहेत, आणि तेही कमीत कमी वेगाचे. सलग व्हिडिओ चालू असताना कार्ड सेकंदाला किमान इतके एमबी लिहून घेईल, याखाली येणार नाही, एवढीच ती हमी. यू१ म्हणजे १०, यू३ आणि व्ही३० म्हणजे ३०, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. कार्डावरून कॉम्प्युटरवर फोटो घेताना आपण कार्ड वाचत असतो, आणि वाचण्याबद्दल यातलं एकही चिन्ह काही सांगत नाही. तो ठळक १७० वाचण्याचा आहे, पण तो जास्तीत जास्त वेग आहे. त्याची अट पुढे आलीच.

१२ मार्च

मोजणीची पद्धत ठरवली. ४०० रॉ फोटोंचा एक फोल्डर केला, साधारण १२ जीबी, आणि तोच दोन्ही कार्डांवर टाकला. विंडोजच्या कॉपीच्या खिडकीतला आकडा वरखाली होत राहतो, त्याच्यावर विसंबून चालत नाही. म्हणून विंडोजचाच कमांडनं चालणारा कॉपीचा प्रोग्राम, robocopy, वापरला. तो शेवटी सरासरी वेग छापून देतो.

```
robocopy E:\DCIM D:\Test /E /R:2 /W:5
```

शेवटचे दोन तुकडे विसरू नयेत. ते दिले नाहीत तर एखादी फाइल वाचता आली नाही की robocopy तीस-तीस सेकंद थांबून दहा लाख वेळा तीच फाइल मागत बसतं. /R:2 म्हणजे दोनदाच प्रयत्न, /W:5 म्हणजे मध्ये पाच सेकंद.

दुसरी काळजी म्हणजे प्रत्येक मोजणीआधी कार्ड काढून परत घालायचं आणि D: वरचा Test फोल्डर पुसायचा. फोल्डर तसाच राहिला तर robocopy जुन्याच फाइली पाहून सगळं वगळतं. कार्ड आतच राहिलं तर विंडोज काही भाग मेमरीतूनच देतो आणि आकडा फुगतो.

लॅपटॉपच्या खाचेत नव्या कार्डाचा निकाल:

```
Speed :   20,611,342 Bytes/sec.
```

म्हणजे सेकंदाला साधारण २० एमबी, १२ जीबीला पावणेदहा मिनिटं. मग जुनं यू१ कार्ड घातलं. तेही २० वरच. दोन्ही पुन्हा करून पाहिली, फरक नाही.

आजची खरी गोष्ट हीच. दोन कार्डांत चांगलं अंतर असताना दोन्हींचा आकडा एकच येतो, तेव्हा अडथळा कार्डात नसतो. तो पुढे असतो, रीडरमध्ये नाहीतर रीडर कॉम्प्युटरला जोडणाऱ्या तारेत. दादा म्हणतो तसं व्ही९० आणलं असतं तर त्यानंही इथं २० च दिलं असतं.

कपाटात एक जुना चौकोनी रीडर होता, कुठल्यातरी दुकानातून कधीतरी आणलेला. त्यात दोन्ही कार्डं ३४ वर आली. पुन्हा दोन्हींचा आकडा सारखाच, फक्त छत वेगळं.

१३ मार्च

२० आणि ३४ हेच आकडे का, यावर आज डोकं लावलं.

एसडी कार्डाची जुनी बोलण्याची पद्धत आहे, तिला हायस्पीड म्हणतात. तिची कागदावरची मर्यादा सेकंदाला २५ एमबी. यूएचएस न समजणाऱ्या रीडरमध्ये कुठलंही कार्ड घाला, ते मुकाट्यानं या जुन्या पद्धतीवर उतरतं आणि हातात २० ते २३ पडतात. आमच्या लॅपटॉपची खाच त्यातलीच दिसते.

३४ चं कारण वेगळं. युएसबी २.० सेकंदाला ४८० मेगाबिट देतं. आठानं भागलं तर ६० एमबी होतात, पण देवाणघेवाणीच्या व्यवहारातच बरंच जातं आणि प्रत्यक्षात ३० ते ४० उरतात. जुना रीडर कार्डाशी जोरात बोलत असेल, पण त्याची कॉम्प्युटरकडची वाट अरुंद आहे.

खात्री करायला भाच्याचा उबंटूचा लॅपटॉप आणला. त्यात एका ओळीत उत्तर मिळतं:

```
lsusb -t
```

रीडरच्या ओळीत शेवटी 480M दिसलं. युएसबी ३.० असतं तर 5000M दिसलं असतं. भाचा म्हणाला, "मामा, मग तुमच्या रीडरवर ३.० का लिवलंय?" खरंच, डबीवर ठळक ३.० छापलंय. आम्ही दोघांनी रीडरचं टोक खिडकीपाशी नेऊन आत पाहिलं. युएसबी ३.० च्या टोकात पुढं चार सपाट पट्ट्या असतात आणि आत खोलवर आणखी पाच बारीक टोकं, मिळून नऊ. आमच्या रीडरला नुसत्या चार पट्ट्या होत्या. आतलं प्लास्टिक मात्र निळं होतं. पुढच्या वेळी रंग बघायचा नाही, पट्ट्या मोजायच्या.

१८ मार्च

आज रीडर घेतला. लॅपटॉप, दोन्ही कार्डं आणि भिंग पिशवीत घालून गेलो. दुकानदार भला माणूस, त्यानं काउंटरवरच पाकीट फोडून लावून दिलं. आधी दाखवलेल्या सहा खाचांच्या रीडरला आत चारच पट्ट्या निघाल्या. तो ठेवला आणि एसडी आणि मायक्रोएसडीची एकेक खाच असलेला, नऊ पट्ट्यांचा, यूएचएस-वनचा साधा रीडर घेतला. यूएचएस-टूचाही होता. त्यात आमची कार्डं चालली असती, पण वेग यूएचएस-वनचाच मिळाला असता, कारण तो वेग कार्डाच्या पाठीवरच्या संपर्कांच्या दुसऱ्या ओळीतून येतो आणि आमच्या कार्डांना ती ओळ नाही.

घरी येऊन लावला आणि निकाल पुन्हा ३४!

दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. मग लक्षात आलं की मी तो लॅपटॉपच्या उजव्या बाजूला लावलाय, आणि उजवीकडची दोन्ही भोकं २.० ची आहेत. ३.० चं एकच भोक डावीकडं आहे, जिथं कायम माउस असतो. माउस उजवीकडं नेला, रीडर डावीकडं लावला.

नवं कार्ड ८९. १२ जीबी सव्वादोन मिनिटांत.

जुनं कार्ड ४४.

दोन कार्डांमधला फरक आज पहिल्यांदा दिसला. आता जुन्या कार्डाचं छत जुन्या कार्डाचंच आहे, आणि म्हणूनच आता कार्ड बदलण्याचा विचार करण्यात अर्थ आहे.

एक गोष्ट इथं लिहून ठेवतो, कारण संध्याकाळी तिनंही चकवलं. रीडर हळूहळू सरकवत लावला तर पुढच्या चार पट्ट्या आधी टेकतात, कॉम्प्युटरला वाटतं हे २.० चं यंत्र आहे आणि तो तसंच धरून बसतो. वेग पुन्हा ३४. काढून एका दमात लावला की ८९. आता दादालाही सांगून ठेवलंय.

१९ मार्च

मग तो १७० कुठं गेला? दादानं सकाळी चहा पिताना हाच प्रश्न विचारला.

यूएचएस-वनची ठरलेली कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. त्यातून प्रत्यक्षात ८५ ते ९५ हातात येतात, म्हणजे आमचे ८९ अगदी बरोबर आहेत. १७० किंवा २०० लिहिणारे उत्पादक या ठरलेल्या पद्धतीच्या बाहेर जाऊन, स्वतःच्या युक्तीनं तो वेग काढतात, आणि ती युक्ती समजणारा रीडरच लागतो. बहुतेक वेळा तो त्याच उत्पादकाचा असतो. दुसऱ्या कुठल्याही रीडरमध्ये हे कार्ड सज्जन यूएचएस-वन कार्डासारखं वागतं. कॅमेऱ्यातही तसंच.

म्हणून आकडा पाहिला की अडथळा कुठं आहे याचा अंदाज येतो. विशीत अडकलं तर रीडर जुना. पस्तिशीच्या आसपास अडकलं तर युएसबी २.०, मग दोष रीडरचा असो, भोकाचा असो की मधल्या एक्स्टेंशनचा. नव्वदीला टेकलं तर यूएचएस-वनचं छत गाठलंय, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. या पायऱ्यांच्या मधेच कुठंतरी आकडा थांबला, जसं आमच्या जुन्या कार्डाचा ४४, तर कार्डाकडं बघायचं, नाहीतर ज्या डिस्कवर लिहितोय तिच्याकडं.

२३ मार्च

डिस्ककडं बघायची वेळ आजच आली. मोजण्या लॅपटॉपच्या एसएसडीवर करत होतो, पण खरे फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर जातात. ती डावीकडच्या ३.० च्या भोकात लावून तिच्यावर एसएसडीवरून ४० जीबी कॉपी लावली. सुरुवात झोकात झाली, नंतर आकडा उतरत ५८ वर स्थिरावला. सुरुवातीचा जोर फसवा असतो, कारण विंडोज लिहायचा माल आधी मेमरीत साठवतो आणि डिस्कला मागाहून देतो. टास्क मॅनेजरमध्ये हार्डडिस्क १०० टक्के व्यस्त दिसत होती आणि एसएसडी मोकळी. आमची डिस्क तीन चतुर्थांश भरलीय. फिरणारी तबकडी बाहेरच्या कडेला वेगानं लिहिते आणि आतल्या बाजूला सावकाश, आणि भरत आलेल्या डिस्कला आतलीच जागा उरते.

उपाय सोपा निघाला. कार्डं आधी एसएसडीवर उतरवायची. कार्ड मोकळं झालं की माणूस मोकळा. एसएसडीवरून हार्डडिस्कवरची दुसरी प्रत रात्री आपोआप होत राहील. त्यासाठी एसएसडीवर कायम १५० जीबी मोकळी ठेवायची, हे आता भिंतीवर लिहिलंय.

२९ मार्च

जुन्या यू१ कार्डांच्या जागी तीन नवी घ्यायची. कोणती, यावर दादाशी तासभर बोललो.

आमचा मोठा कॅमेरा कॅनन ६डी मार्क टू. त्याची खाच यूएचएस-वनची आहे. व्ही९० कार्डं यूएचएस-टूची असतात. ती या कॅमेऱ्यात चालतील, पण दुसऱ्या ओळीला टेकायला आत काहीच नाही, त्यामुळं रॉ फोटोंचा बफर रिकामा व्हायला त्यांचा विशेष उपयोग नाही. व्हिडिओचं म्हणाल तर हा कॅमेरा फुल एचडी घेतो. त्याचा वेग सेकंदाला ६० मेगाबिट धरला तरी आठानं भागून साडेसात एमबी होतात. त्याला यू१ ची हमीसुद्धा पुरते.

राहिला कॉपीचा फायदा. यूएचएस-टूचं कार्ड आणि रीडर दोन्ही घेतले आणि सेकंदाला २५० मिळाले असं धरू. ४२ जीबीला आठ मिनिटांऐवजी तीन मिनिटं लागतील. कार्डामागं पाच मिनिटं वाचतात. पण आधी आम्ही याच कार्डाला ३४ मिनिटं देत होतो, आणि त्यातली २६ एका साध्या रीडरनं वाचवली. उरलेल्या पाच मिनिटांसाठी कितीतरी पट पैसे घालणं मला पटेना. दादानं शेवटी मान्य केलं. पुढं ४के घेणारा, यूएचएस-टू खाचेचा कॅमेरा आला तर हिशोब बदलेल, तेव्हा बघू.

ठरलं: ६४ जीबीची तीन यूएचएस-वन, व्ही३० कार्डं. ए१, ए२ ही चिन्हं पाहायची नाहीत, ती फोनमध्ये ॲप चालवण्यासाठी असतात. पाकिटावर मागच्या बाजूला लिहिण्याचा वेग वेगळा दिलाय का ते मात्र पाहायचं, कारण समोरचा ठळक आकडा वाचण्याचा असतो आणि सलग रॉ काढताना कॅमेऱ्याला लिहिण्याचा लागतो.

२ एप्रिल

तिन्ही कार्डं आली. फोटो काढायच्या आधी प्रत्येक कार्ड H2testw नं तपासलं. हा प्रोग्राम अख्खं कार्ड भरतो, मग सगळं परत वाचून जुळवतो. बनावट कार्डावर ६४ लिहिलेलं असतं आणि आत जागा त्याहून फार कमी असते. फोटो कॉपी होताना दिसतात आणि नंतर अर्धे उघडत नाहीत. हे अख्खं भरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

दोन कार्डं व्यवस्थित: Test finished without errors. लिहिण्याचा वेग ६२, वाचण्याचा ८८. तिसऱ्यात चूक नव्हती, जागाही पूर्ण होती, पण लिहिण्याचा वेग १४. व्ही३० छापलेल्या कार्डाला हे शोभत नाही. भोक बदलून, पुन्हा फॉरमॅट करून परत लावलं, तरी १४. दुकानात नेऊन निकालाचा फोटो दाखवला, त्यांनी बदलून दिलं. बदललेलं कार्ड ६० वर आलं.

१२ एप्रिल, रात्री

जोतिबावरून उतरून स्टुडिओत यायला नऊ वाजले. सासनकाठ्यांच्या मिरवणुकीत उभं राहिलं की गुलालाचा पाऊसच असतो, आणि पालखी यमाईकडं निघाली तेव्हा लेन्सपासून चपलेपर्यंत सगळं गुलाबी. कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळलं होतं. पण गर्दीत कार्ड बदलताना दादाच्या बोटांना गुलाल होता.

पहिलं कार्ड ३६ जीबी, पावणेसात मिनिटांत उतरलं.

दुसरं लावलं. विंडोजचा जोडल्याचा आवाज आला, लगेच तुटल्याचा, परत जोडल्याचा. कॉपी लावली तर वेग २१. हा आकडा ओळखीचा होता. ८९ वरून थेट विशीत येणं म्हणजे रीडर आणि कार्ड यांचं यूएचएसवर जमत नाहीये आणि दोघं जुन्या हायस्पीडवर उतरलेत. रीडर तोच, भोक तेच, पहिल्या कार्डाला ८९ दिले होते. मग या कार्डातच काहीतरी होतं.

कॉपी थांबवली, कार्ड रीतसर बाहेर काढलं आणि दिव्याखाली उलटं धरलं. एसडी कार्डाच्या पाठीला सोनेरी पट्ट्यांच्या मध्ये प्लास्टिकचे बारीक कठडे असतात. प्रत्येक कठड्याच्या मुळाशी गुलालाची केसाएवढी रेघ दबून बसली होती, आणि दोन पट्ट्यांवर घामानं ओला झालेला गुलाल पातळ थरासारखा चिकटला होता. दादा फुंकर मारायला वाकला तसा मी हात आडवा घातला. तोंडाच्या वाफेनं गुलाल आणखी घट्ट होतो. आधी लेन्सच्या रबरी ब्लोअरनं कोरडा गुलाल उडवला. मग लेन्सच्या कापडाच्या कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेनं पुसलं, आडवं नाही, नाहीतर घाण कठड्यात जाते. कापड गुलाबी झालं. दोन मिनिटं वाळू दिलं. रीडरची खाच खाली तोंड करून ब्लोअरनं साफ केली.

परत लावलं: ८८. ४१ जीबी, पावणेआठ मिनिटं. तिसरं कार्ड लावायच्या आधीच पुसून घेतलं, २८ जीबी, सव्वापाच मिनिटं.

कॉपीला एकूण वीस मिनिटांच्या आत, साफसफाई धरून तीस. तिन्हींच्या शेवटी robocopy च्या तक्त्यात FAILED खाली शून्य होतं. फाइलींची संख्या कार्डावरच्या संख्येशी जुळवली, प्रत्येक फोल्डरमधले पहिले, मधले आणि शेवटचे फोटो उघडून पाहिले. मग कार्डं कॅमेऱ्यात घालून तिथंच फॉरमॅट केली.

दादा पावणेदहाला घरी गेला. एसएसडीवरून हार्डडिस्कवरची प्रत चालू आहे, ५६ वर. दोन्ही कॅमेऱ्यांच्या खाचांना ब्लोअर मारून झालाय. ब्लोअर, कापड आणि अल्कोहोलची छोटी बाटली आता रीडरच्याच डबीत ठेवली.